मदत हवी आहे: भावपत्रक, नकाशे आणि पिकांचे फोटो एकाच स्क्रिप्टमधून काढतो, पण लाल आकडे पुसट येतात

कळंबचा_कास्तकार

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तिची वेबसाइट मीच सांभाळतो. गावात नेटवर्क कधी दोन काड्या, कधी तेही नाही, म्हणून चित्रं हलकी ठेवणं भाग आहे. रोज संध्याकाळी एक पायथन स्क्रिप्ट चालते आणि फोल्डरमधल्या सगळ्या चित्रांचं एव्हीआयएफ करून टाकते:

```python
im = Image.open(f).convert("RGB")
im.save(out + ".avif", quality=55)
```

चित्रं तीन प्रकारची आहेत. कापूस-तुरीचं भावपत्रक मी पीएनजीमध्ये बनवतो. शेततळ्यांचे नकाशे क्यूजीआयएसमधून पीएनजीच निघतात. बोंडअळी, तुडतुडे यांचे फोटो मोबाइलवरून येतात.

फोटो छान हलके झाले. भावपत्रकाचा मात्र घोटाळा झालाय. पट्टी गडद हिरवी आहे, त्यावर पिकाचं नाव पांढऱ्या अक्षरात आणि भाव लाल आकड्यात. नाव स्पष्ट दिसतं, पण लाल 8 कोणता आणि 6 कोणता ते कळत नाही. काल एका काकांचा फोन आला, "भाव नक्की किती हाय रे बाबू?" `quality` 85 केलं, फाइल फुगली, आकडे तसेच. मग वेबपी 90 वर काढून पाहिलं, तिथंही तेच. सगळं परत पीएनजी करू का?

तुरीच्या_शेंगा

काहून डोकं लावता भाऊ, पीएनजीच ठेवा. क्वालिटी पाह्यजे तर पीएनजी, बाकी सगळा खेळ हाय.

वरूडचा_स्टुडिओ

माझा पण असाच प्रॉब्लेम. लग्नाच्या फ्लेक्ससाठी गिऱ्हाईक व्हॉट्सअपवर वेबपी पाठवतात आणि छापताना दाणे दिसतात. कोणता फॉरमॅट मागू?

बाभूळबन

कळंबभाऊ, तुम्ही दुखण्याची खूण स्वतःच लिहिली आहे: पांढरं स्पष्ट, लाल पुसट. क्वालिटी कमी पडली असती तर दोन्ही सारखेच बिघडले असते.

चित्र दाबताना उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतात. उजेड प्रत्येक पिक्सेलचा राहतो, पण 4:2:0 या पद्धतीत रंग चार पिक्सेलमागे एकच ठेवतात. फोटोत ते लक्षात येत नाही. पण तुमची हिरवी पट्टी आणि लाल आकडे यांचा उजेड बघा. शुद्ध लाल 255,0,0 आणि गडद हिरवा 0,128,0 घेतला तर दोघांचा उजेड 255 पैकी साधारण 75 ला येतो. म्हणजे आकड्याचा सगळा आकार फक्त रंगात आहे, आणि रंगच चौघांत वाटून दिलाय. `quality` वाढवल्याने ही वाटणी बदलत नाही.

तुमची स्क्रिप्ट पायथनची पिलो लायब्ररी वापरते, त्यात एव्हीआयएफ आपोआप 4:2:0 नेच निघतं, पण ते बदलता येतं: `subsampling="4:4:4"`. साध्या वेबपीला ती सोयच नाही, तिथं कायम 4:2:0. म्हणून तुमचा 90 चा प्रयोग फसला.

नागपुरी_बर्डी

मग सोपं आहे की. एव्हीआयएफमध्ये बिनघट, म्हणजे काहीच न गाळता, पण निघतं. भावपत्रक आणि नकाशे बिनघट एव्हीआयएफ, फोटो नेहमीचं. एकच फॉरमॅट, डोक्याला ताप नाही.

बाभूळबन

निघतं, पण सपाट रंगाच्या चित्रात ते सहसा अंगावर येतं. तिथं बिनघट वेबपी बरं. त्याची पद्धत साध्या वेबपीपेक्षा वेगळी आहे, त्यात रंगाची वाटणी नसते आणि तेच ते रंग परत येत असतील तर ते चांगलं पकडतं. कळंबभाऊ, एकच भावपत्रक घेऊन दोन्ही करून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

```python
if kind == "photo":
    im = ImageOps.exif_transpose(im)
    im.convert("RGB").save(out + ".avif", quality=60)
else:
    im.save(out + ".webp", lossless=True, method=6)
```

`exif_transpose` मुद्दाम घातलंय. मोबाइल फोटो फिरवत नाही, "फिरवून दाखवा" अशी चिठ्ठी आत ठेवतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती चिठ्ठी गळते आणि उभा फोटो आडवा पडतो.

वरूडचे भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. व्हॉट्सअपने फोटो आधीच लहान केलेला असतो, फॉरमॅट बदलून गेलेलं परत येत नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

कळंबचा_कास्तकार

आडवे फोटो! मला वाटायचं पोरं मोबाइल उलटा धरतात. दोन जणांना बोललोही होतो, आता माफी मागावी लागणार.

आजचं भावपत्रक करून पाहिलं. मूळ पीएनजी 148 केबी, बिनघट एव्हीआयएफ 117, बिनघट वेबपी 62. आकडे मूळ चित्रासारखे. नकाशाचंही तसंच, पीएनजीच्या निम्म्याहून कमी.

पण एक अडलं. सोमवारचं भावपत्रक आमच्या दुसऱ्या केंद्रावरून येतं. तेच डिझाइन, मूळ फाइल 95 केबी, आणि बिनघट वेबपी केल्यावर 330 केबी! हे कसं?

बाभूळबन

ते व्हॉट्सअपवरून येतं ना? मग ते जेपीजी झालेलं आहे. मोठं करून बघा, अक्षरांच्या कडेला धुळीसारखे ठिपके दिसतील. बिनघट म्हटलं की तो प्रत्येक ठिपका जसाच्या तसा जपणार, म्हणून फुगलं.

मूळ पीएनजी मेलवर किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा. तोवर अशा चित्रांना 4:4:4 चं एव्हीआयएफ करा. आणि प्रकार ठरवायला फाइलच्या शेपटीवर किंवा रंग मोजण्यावर विसंबू नका. गुळगुळीत अक्षरांच्या कडांमुळे साध्या पत्रकातही शेकडो रंग निघतात. चित्र आलं कुठून त्यावर फोल्डर करा: `photo`, `nakasha`, `bhav`. बावळट वाटतं, पण चुकत नाही.

कृषीवाली_ताई

फोटोबद्दल एक सांगू का? मी शेतकऱ्यांना कीड ओळखायला शिकवते. एव्हीआयएफ फार दाबलं की बारीक पोत घासल्यासारखा गुळगुळीत होतो. बोंडअळी मोठी असते, ती ओळखू येते. पण पानाखालचे तुडतुडे आणि फुलकिडे पुसलेच जातात, आणि चित्र स्वच्छ दिसत असल्याने कोणाला शंकाही येत नाही. आमच्याकडे असा एक फोटो "निरोगी पान" म्हणून फिरला होता. किडीच्या फोटोंना आकडा वाढवा, आणि आधी कातरून कीड मोठी करा.

आणि हिरव्यावर लाल काय म्हणून? रंगांधळ्या माणसाला ते मूळ चित्रातही वाचता येत नाही.

कळंबचा_कास्तकार

ताई, मान्य. रंग अध्यक्षांनी निवडलाय, आता हिरव्यावर पिवळा करतो आणि त्यांनाही समजावतो. किडींच्या फोटोंना 75 ठेवून तुडतुडे दिसतात का पाहतो.

तुरीच्या_शेंगा

थे सगळं ठीक हाय जी. पण आमच्या गावात साइट कोण पाह्यते? एक जण फोटो सेव्ह करते आणि ग्रुपात टाकते. मले तुमचा तो एव्हीआयएफ आला होता, जुन्या मोबाइलात उघडलाच नाही.

बाभूळबन

हा मुद्दा खरा आहे. क्रोममध्ये एव्हीआयएफ 2020 पासून दिसतं, पण फोनची स्वतःची गॅलरी वेगळी, अँड्रॉइडलाच ते 12 पासून कळतं. पानावर `<picture>` लावून जुन्या ब्राउझरला जेपीजी देता येईल, पण नवीन ब्राउझर एव्हीआयएफच घेणार आणि सेव्हही तेच होणार.

कळंबचा_कास्तकार

भावपत्रकाखाली "ग्रुपवर पाठवा" असं बटण देऊन तिथं पीएनजी ठेवायचा विचार आहे. पण लोक बटण दाबतील की बोट दाबून धरतील, ते सांगता येत नाही. कोणी करून पाहिलंय का?

नागपुरी_बर्डी

आमच्याकडे बटण आहे. लोक स्क्रीनशॉट काढतात.