मदत हवी आहे: मेट-मिनिटांच्या हिशेबात एकही माणूस निष्क्रिय निघत नाही

ओलीमाती
नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी मी तालुक्यातल्या प्रौढांकडून जागतिक आरोग्य संघटनेची जीपीएक्यू प्रश्नावली भरून घेतली. मेट म्हणजे हालचालीला लागणारा जोर, त्याला मिनिटांनी गुणलं की मेट-मिनिटं. आठवड्याला ६०० मेट-मिनिटांच्या खाली असेल तो अपुऱ्या हालचालीचा, असं धरायचं आहे. माझ्या पत्रकात ६०० च्या खाली एकही जण नाही! २०२४ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अंदाजात २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ अपुऱ्या हालचालीचे होते. मग आमच्याकडे शून्य कसे?

एक नोंद देते. किराणा दुकानदार, वय ४६. दुकानात चालत जातात, जायला १० आणि यायला १० मिनिटं, आठवड्यातून ६ दिवस. बाकी वेळ गल्ल्यावर. बसणं रोज ११ तास. त्यांचे ६४८६ येतात. सूत्र असं आहे:

```
=4*(B2+C2)+8*D2+1.3*E2
```

B मध्यम श्रम, C पायी किंवा सायकलचा प्रवास, D जोरकस श्रम, E बसणं. सगळी आठवड्याची मिनिटं.

आबा_सांगलीकर
माझी गेल्या महिन्यात ट्रेडमिलवर तपासणी झाली, त्यात ९ मेट आले. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे. मग ६०० म्हणजे फारच झाले की! घड्याळात रोज ८००० पावलं भरतात, ती किती धरायची?

मोजपट्टी
आबा, ते ९ म्हणजे तुमचा जीव जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो त्याचं माप, तेही त्या काही मिनिटांपुरतं. इथे जोर गुणिले वेळ असा आठवड्याचा हिशेब चाललाय. पावलांवरून मेट थेट काढता येत नाहीत, रमतगमत टाकलेली आणि झपाझप टाकलेली पावलं घड्याळात सारखीच मोजली जातात.

ओलीमाती, शेवटचा 1.3*E2 काढून टाका. बसल्या जागी १.३ च्या आसपास मेट खर्च होतात हे खरं, पण ६०० हा आकडा आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रम गुणिले ४ असा आलाय, त्यात बसणं धरलेलंच नाही. तुमचे दुकानदार आठवड्याला ४६२० मिनिटं बसतात, त्याचे झाले ६००६. चालणं १२० मिनिटं, त्याचे जेमतेम ४८०. तुमच्या सूत्रात जो जास्त बसतो तोच जास्त सक्रिय ठरतो. खरे ते ४८० वर आहेत, म्हणजे अपुऱ्या हालचालीत. बसण्याचा रकाना वेगळाच मांडा, कारण रोज तासभर चालून उरलेला दिवस खुर्चीत घालवणारेही असतात.

नीलिमा_क
मुळात प्रत्येक मेटमधून १ वजा करायला हवा. काही न करता पडून राहिलं तरी १ मेट लागतोच. म्हणजे ४ च्या जागी ३.

मोजपट्टी
नीलिमाताई, मुद्दा बरोबर आहे, रोगांचा भार मोजणारे काही जण तसा हिशेब करतातही. पण मग रेषाही १५० गुणिले ३, म्हणजे ४५० वर आणावी लागेल. एकीकडे ३ घेऊन दुसरीकडे ६०० ठेवले, तर काठावरची माणसं उगाच निष्क्रिय होतील.

ओलीमाती
मनापासून आभार! काढून पाहिलं, आता ६०० च्या खाली बरेच दिसतात, दुकानदारही.

आता दुसरी अडचण. एका ताईंनी खुरपणी सांगितली, रोज ८ तास, ६ दिवस. मध्यम श्रमात धरून ११५२० आले. अशा चारपाच नोंदींनी सरासरी कुठच्या कुठे जाते. शिवाय खुरपताना त्या उकिडव्या बसलेल्या असतात, म्हणून एका सर्वेक्षकाने ते ८ तास बसण्यातही लिहिलेत.

मोजपट्टी
बसण्यातून काढा. नुसतं बसलेलं असणं पुरत नाही, खर्चही १.५ मेटच्या आत हवा. हाताने खुरपं चालतंय, माणूस पुढे सरकतोय, ते त्यात बसत नाही. दिवसाला कोणत्याही एका रकान्यात १६ तासांहून जास्त श्रम लिहिले असतील तर ती नोंद बाद होते, ताईंचे ८ त्यात येत नाहीत. मात्र ८ तासांत न्याहारी, पाणी, सावलीतला विसावा किती हे विचारलं होतं का? सरासरीऐवजी मध्यक द्या.

नीलिमा_क
माझी आई खुरपायला जायची. बायका गप्पा मारत खुरपतात, धाप लागत नाही. मला तो मध्यम श्रम वाटतच नाही.

मोजपट्टी
यावर माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. प्रश्न 'श्वास थोडा वाढतो का' असा आहे. जूनमधल्या चिखलातली खुरपणी आणि थंडीतली एक नसते. ओलीमाती, तुमच्या ताईंना तोच प्रश्न पुन्हा विचारा.

ओलीमाती
रविवारी जाते. आणि नोंदी चाळताना आणखी एक दिसलं. प्रवासाच्या रकान्यात काहींचे रोज ४० मिनिटं आहेत. सर्वेक्षकाला फोन केला तर म्हणाला, 'जाता-येता किती वेळ' एवढंच विचारलं. त्यातले स्कूटरवरून जाणारे किती ते घरोघरी विचारूनच कळेल.