मदत हवी आहे: फोन बिझी किंवा रेंजबाहेर असेल तेव्हाच कॉल दुसऱ्या नंबरवर जायला हवा

घाटवाट
नमस्कार मंडळी. मी संगमेश्वर तालुक्यात सर्पमित्र म्हणून काम करतो. पावसाळ्यात घरात, गोठ्यात साप आल्याचे फोन रात्री-अपरात्री येतात. अडचण अशी की एका ठिकाणी साप पकडायला गेलो की तिथे रेंज असेलच याची खात्री नसते, आणि रेंज असली तरी कुणाशी तरी बोलणं चालू असतं. नेमका तेव्हाच दुसरा फोन येतो आणि समोरच्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. घाबरलेला माणूस मग काठी उचलतो.

माझा जोडीदार देवरूखला असतो. माझा फोन बिझी असेल किंवा लागत नसेल तेवढ्यापुरताच कॉल त्याच्याकडे जायला हवा. एरवी सगळे कॉल माझ्याकडेच वाजले पाहिजेत. डायल करून हे करता येतं असं कळलं, पण नेमके कोड, चालू झालंय हे तपासायचं कसं आणि नंतर काढायचं कसं, हे कुणी नीट सांगेल का? फोन अँड्रॉइड आहे, दोन सिमचा. सिम जिओचं नाही.

रानपाखरू
दादा, ते सगळं सरकारने बंद केलंय. २०२४ च्या एप्रिलपासून कोडने फॉरवर्डिंग होत नाही. वेळ घालवू नका.

टॉवरखाली
रानपाखरू, तुमचं अर्धं बरोबर आहे. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरून कॉल फॉरवर्डिंग थांबवायचा आदेश दिला होता, कारण `*401*` लावून पुढे भामट्याचा नंबर डायल करायला लावायचे आणि माणसाचे सगळे कॉल तिकडे वळायचे. पण फॉरवर्डिंग ही सोय काही गेलेली नाही. जुने कोड काही कनेक्शनवर आजही चालतात, काहींवर चालत नाहीत. त्यामुळे करून बघणं हाच मार्ग.

घाटवाट, काही लावायच्या आधी सध्या काय आहे ते बघा. ज्या सिमवर कॉल येतात तेच सिम निवडून हे दोन एकामागून एक डायल करा. पहिला बिझीसाठी, दुसरा फोन लागत नसेल त्यासाठी:

```
*#67#
*#62#
```

यात काहीही बदलत नाही, नुसती चौकशी होते. उत्तर काय येतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

घाटवाट
केलं. `*#67#` ला Not forwarded आलं. पण `*#62#` ला Voice पुढे एक नंबर दिसतोय, जो मी कधीच टाकलेला नाही! हे काय आहे?

शेवंती_७४
बापरे, तुमचा फोन हॅक झालाय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, `*#62#` ला अनोळखी नंबर दिसला तर कुणीतरी तुमचे कॉल ऐकतंय. लगेच `##002#` करा, सगळं साफ होतं.

टॉवरखाली
घाटवाट, थांबा, अजून काही साफ करू नका. शेवंतीताई, तो मेसेज फार फिरलाय, पण बहुतेक वेळा तो नंबर कंपनीचाच असतो. फोन बंद असताना कोण कोण फोन करून गेलं याचा एसएमएस येतो ना, ती मिस्ड कॉल अलर्टची सोय याच मार्गाने चालते. कॉल कंपनीच्या त्या नंबरवर वळतो आणि तिथून तुम्हाला एसएमएस निघतो. `##002#` ने तीही पुसली जाते आणि मग अलर्ट का येत नाहीत म्हणून माणूस शोधत बसतो. खात्री करायची तर दिसलेला नंबर कस्टमर केअरला विचारा, किंवा त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याच्या फोनवर `*#62#` करून बघा. तिथेही तसाच नंबर दिसला तर काळजी नको.

खरी भीती `*#21#` मध्ये असते. तिथे अनोळखी नंबर दिसला तर तुमचे सगळेच कॉल, फोन न वाजता, तिकडे चाललेत. ओटीपी फोन करून सांगणाऱ्या सेवाही त्यात आल्या. तसं असेल तर `##21#` करून ताबडतोब काढा. आणि कुरिअरवाला, बँकवाला, कुणीही सांगितलं म्हणून `21*` किंवा `401*` असलेलं काही डायल करू नका.

आता तुमचं काम. जोडीदाराचा नंबर +91 लावून टाका. अधिकाचं चिन्ह शून्य दाबून धरलं की येतं.

```
**67*+91XXXXXXXXXX#
**62*+91XXXXXXXXXX#
```

दुसरा कोड दिला की 62 मधला कंपनीचा नंबर जाऊन तिथे जोडीदाराचा बसेल, म्हणजे मिस्ड कॉलचे एसएमएस येणं थांबेल. ते चालणार असेल तरच करा. ही नोंद नेटवर्कमध्ये राहते, फोनमध्ये नाही. म्हणूनच फोन बंद पडला तरी कॉल वळतो. पण कोड मात्र रेंजमध्ये असतानाच द्यायला हवा.

घाटवाट
एसएमएस नाही आले तरी चालेल, माणूस जोडीदाराशी बोलला म्हणजे झालं. शेजारच्या काकांच्या फोनवर तसाच नंबर दिसला, त्यामुळे तो विषय मिटला.

दोन्ही कोड लागले. पुन्हा `*#67#` आणि `*#62#` केलं तर जोडीदाराचा नंबर दिसतोय. मग चाचणी घेतली. फ्लाइट मोडवर टाकून बायकोच्या फोनवरून लावला, लगेच देवरूखला वाजला. पण बिझीचं जमत नाहीये. मी एकाशी बोलत असताना बायकोने लावला तर कॉल तिकडे न जाता माझ्याच कानात टूं टूं वाजत राहिला.

मुंबईकर_बाबा
माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. मुलगा दुबईला आहे, त्याचं इथलं सिम माझ्याकडे. बँकेचे ओटीपीचे मेसेज त्याच्या दुबईच्या नंबरवर वळवायचे आहेत. `**62*` ने होईल का?

टॉवरखाली
बाबा, या कोडांनी फक्त बोलण्याचे कॉल वळतात, एसएमएस नाही. शिवाय परदेशी नंबरवर वळवलेला प्रत्येक कॉल त्या सिमवरून आयएसडी लावल्यासारखा धरला जातो. ओटीपीसाठी बँकेत परदेशी नंबर नोंदवता येतो का ते विचारा.

घाटवाट, ही अडचण सगळ्यांनाच येते. तुमचं कॉल वेटिंग चालू आहे. ते चालू असलं की बोलत असतानाही नेटवर्क तुम्हाला बिझी मानत नाही, दुसरा कॉल तुमच्यापर्यंत आणतं. 67 ची पाळी येते ती वेटिंग बंद असेल तर, किंवा तुम्ही तो दुसरा कॉल लाल बटणाने नाकारलात तर. नाकारणं म्हणजे नेटवर्कच्या लेखी बिझीच. वेटिंग आहे का हे `*#43#` ने कळतं, `#43#` ने बंद होतं, `*43#` ने परत चालू.

तुमच्या कामात मात्र मी वेटिंग बंद करायला सांगणार नाही. ते बंद केलं की बोलत असताना आलेला कॉल परस्पर देवरूखला जाईल आणि तुमच्या फोनवर त्याची खूणही राहणार नाही. त्यापेक्षा तिसरी नोंद करा, फोन न उचलल्यास वळण्याची:

```
**61*+91XXXXXXXXXX*11*15#
```

शेवटचे 15 म्हणजे सेकंद. 5 ते 30 मध्ये पाचाच्या पटीत देता येतात. 11 म्हणजे फक्त बोलण्याचे कॉल. आता बोलताना दुसरा कॉल आला तर पंधरा सेकंद टूं टूं वाजेल, तुम्हाला नंबर दिसेल, घ्यावासा वाटला तर घ्या, नाहीतर आपोआप जोडीदाराकडे. हातात साप असताना फोन नुसता वाजत राहिला तरी तेच होईल. एवढंच लक्षात ठेवा की घरचा फोन उचलायला उशीर झाला तर तोही देवरूखला जाणार.

घाटवाट
हे तर हवं होतं त्याहून बरं झालं! 61 लावलं, बायकोचा कॉल थोडा वेळ वाजून तिकडे गेला, आणि जोडीदाराच्या फोनवर बायकोचाच नंबर दिसला. म्हणजे साप कुठे आहे ते विचारायला तो परत फोन करू शकतो.

टॉवरखाली
छान. आता एक चाचणी घाटात घ्या. फ्लाइट मोड लावताना फोन नेटवर्कला 'मी चाललो' असं कळवून जातो, म्हणून कॉल लगेच वळतो. गाडी रेंजबाहेर शिरते तेव्हा असं काही कळवलं जात नाही. नेटवर्क फोन तिथेच आहे समजून आधी त्याला हाका मारतं, उत्तर आलं नाही की मग वळवतं. तेवढा वेळ समोरच्याला नुसती शांतता ऐकू येते. लोक तिथेच फोन ठेवतात. गावच्या ग्रुपवर सांगून ठेवा, आवाज नाही आला तरी थोडं थांबा.

वळलेल्या कॉलचा पुढचा टप्पा तुमच्या नंबरवरून केलेला कॉल धरतात. अनलिमिटेड प्लॅनमध्ये सहसा वेगळे पैसे लागत नाहीत, पण रिचार्जची मुदत संपून आउटगोइंग बंद झालं की फॉरवर्डिंगही थांबतं. ऐन पावसाळ्यात तारखेकडे लक्ष असू द्या.

देवरूखचा_शिलेदार
मीच तो जोडीदार. मीही माझा 62 यांच्या नंबरवर लावू म्हणतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोय. पण माझ्या सिमवर कोड दिला की Connection problem or invalid MMI code येतंय. सिम वेगळ्या कंपनीचं आहे.

टॉवरखाली
भाऊ, तुम्ही यांच्याकडे वळवूच नका. दोघेही रेंजबाहेर असलात तर कॉल तुमच्याकडून यांच्याकडे, यांच्याकडून परत तुमच्याकडे असा फिरेल आणि नेटवर्क तो मध्येच तोडेल. तुमचा 62 गटातल्या तिसऱ्या माणसाकडे लावा, जो गावात, रेंजमध्ये असतो.

कोड चालत नसेल तर वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू करून परत बघा. नाही जमलं तर फोनच्या डायलरमध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, तिथे कॉलिंग अकाउंट्स किंवा सप्लिमेंटरी सर्व्हिसेस आणि त्यात कॉल फॉरवर्डिंग. फोनगणिक नावं थोडी बदलतात. तिथे बिझी, न उचलल्यास आणि लागत नसल्यास असे वेगळे रकाने असतात. जिओवाल्यांचे कोड मुळातच वेगळे आहेत, बिझीला `*405*`, लागत नसल्यास `*409*` आणि पुढे दहा आकडी नंबर. काढायला `*406` आणि `*410`.

देवरूखचा_शिलेदार
डेटावर पण तेच. सेटिंग्जमध्ये गेलो तर नुसतं गोल फिरतं आणि Network or SIM card error. उद्या कस्टमर केअरला फोन करतो.

घाटवाट
पावसाळा संपला की हे काढायचं कसं? आणि मध्ये एखादा आठवडा जोडीदार बाहेरगावी असेल तर तेवढ्यापुरतं थांबवता येतं का?

टॉवरखाली
एक चौकोन म्हणजे थांबवा, दोन चौकोन म्हणजे पुसा. `#62#` केलं की वळणं थांबतं, नंबर नोंदीत राहतो, आणि `*62#` ने परत सुरू होतं. `##62#` ने नंबरच जातो. 61 आणि 67 चंही तसंच. तिन्ही एकदम काढायचे तर:

```
##004#
```

मग `*#61#`, `*#62#`, `*#67#` तिन्ही तपासा. Not forwarded आलं म्हणजे निघालं. मिस्ड कॉल अलर्ट मात्र आपोआप परत येईलच असं नाही. म्हणून 62 ला आधी दिसलेला कंपनीचा नंबर लिहून ठेवला नसेल तर शेजारच्या काकांच्या फोनवरून आत्ताच उतरवून घ्या, नंतर `**62*` ने तोच परत बसवून बघता येईल.

रानपाखरू
माझ्या सिमवर `*#67#` चौकशी चालते, पण `**67*` लावताना एरर येते. म्हणजे बघू देतात, बदलू देत नाहीत. असं आणखी कुणाला होतंय का? कंपनी आणि सर्कल लिहिलं तर कुठे चालतं, कुठे नाही ते कळेल.