पोस्टिंग लिस्ट दाबून ठेवण्यात आता काही राम उरलाय का?

ठाणे_स्लो (मूळ धागा)
जुन्या वर्तमानपत्रांच्या सर्चचं काम बघतोय. इन्व्हर्टेड इंडेक्समध्ये प्रत्येक शब्दापुढे तो ज्या पानांवर येतो त्यांची यादी असते, तीच पोस्टिंग लिस्ट. त्यात पान क्रमांक सरळ चार-चार बाईटचे ठेवावेत, या मताला मी आलोय. शेजारच्या क्रमांकांतला गॅप काढा, मग व्हेरिएबल बाईट करा, म्हणजे लहान आकड्याला कमी बाईट, मग वाचताना पुन्हा बेरजा मारा, हे सगळं डिस्क महाग होती तेव्हाचे चोचले. आज डिस्क मातीमोल आहे. जागा वाचवायचीच असेल तर अख्खी फाईल झिप करा नि मोकळे व्हा. पटत नसेल तर कारण सांगा, पुस्तकी नको.

चौपाटीवरचा
जेवायला बसलो होतो, हे वाचून ताट बाजूला सारलं.

अहो, डिस्कच्या किमतीचा इथे संबंधच काय? यादी डिस्कवरून मेमरीत आणि तिथून प्रोसेसरपर्यंत ओढत आणावी लागते, वेळ त्यात जातो. चार बाईटच्या जागी एक ओढला तर बेरीज मारूनही बहुतेक वेळा आपणच पुढे असतो. आणि झिप? एका शब्दाची यादी हवी म्हणून अख्खी फाईल उलगडणार? चाळीतल्या एका खोलीची किल्ली हवी म्हणून सगळ्या मजल्यांची कुलुपं उघडण्यातला प्रकार.

तुमच्याच कामातलं घ्या. समजा सहा लाख पानं आहेत, तारखेच्या क्रमाने नंबर दिलेत. ‘गिरणी’ हा शब्द तुरळक सगळीकडे येईल, पण 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाल्यावर त्याची रांगच लागते. पानं धरा 412310, 412314, 412315, 412322, 412330. पहिला आकडा तसाच ठेवा, पुढे फक्त फरक: 4, 1, 7, 8. एका बाईटमध्ये सात बिट आकड्याचे, आठवा ‘अजून पुढे आहे’ सांगायला. म्हणजे 127पर्यंत एक बाईट, 16383पर्यंत दोन, त्यापुढे वीस लाखांच्या वरपर्यंत तीन. पहिल्याला तीन आणि उरलेल्या चारांना एकेक, झाले सात. तुमचे वीस.

आता खरी गोम. हीच पानं स्कॅन झाली तशी, आज 1982 उद्या 1957, अशी नंबर दिलीत तर तीच पाच पानं 20417, 131902, 290655, 412310, 577048 अशी विखुरतील. एकही फरक लाखाच्या खाली राहत नाही (पहिला आकडा सोडून), प्रत्येकाला तीन बाईट, एकूण पंधरा. कोडिंग तेच, फरक नंबर देण्यात. लोक व्हेरिएबल बाईटला नावं ठेवतात, पण नंबर कोणी दिले ते विचारत नाहीत.

ठाणे_स्लो
पाच पानांवर गणित सोपं असतं हो. ‘गिरणी’ आणि ‘बोनस’ दोन्ही असलेली पानं काढताना एका यादीत थेट चार लाखाच्या पुढे उडी मारायची असते. साध्या रांगेत बायनरी सर्च चालतं. तुमच्या गॅपमध्ये पहिल्या पानापासून बेरीज करत यायचं? स्लो लोकलने कर्जत गाठा म्हणा.

चौपाटीवरचा
स्किप पॉइंटर हा शब्द कानावरून गेलाय की नाही? दर 128 नोंदींना त्या ठिकाणचा पूर्ण पान क्रमांक आणि बाईटची जागा वेगळी लिहून ठेवायची. उडी तिथे मारायची, बेरीज त्या 128मध्येच. ल्युसीन या सर्च लायब्ररीनेही 4.1पासून 128चे गठ्ठे केले, गठ्ठ्यातले आकडे ठरावीक बिटांत बसवले आणि उरलेल्या शेपटालाच व्हेरिएबल बाईट ठेवलं.

ठाणे_स्लो
म्हणजे ल्युसीननेच तुमचं लाडकं व्हेरिएबल बाईट शेपटात ढकललं. धन्यवाद, माझाच मुद्दा.

चौपाटीवरचा
तुमचा मुद्दा न दाबण्याचा होता. त्यांनी जास्त वेगाने उलगडेल असं दाबलं. आणि फरक तिथेही काढतातच. धागा स्वतःचा तरी वाचत जा.

दादरची_मावशी
मी ग्रंथालयात होते, आता निवृत्त. मला वाटलं स्कॅनच्या फोटोंचा आकार कमी करायचं चाललंय, तीन प्रतिसाद वाचल्यावर कळलं नाही म्हणून. पण आलेच आहे तर विचारते. आमच्याकडे असंच काहीतरी बसवलं होतं. ‘मुंबई’ टाकलं की ‘मुंबईत’, ‘मुंबईच्या’, ‘मुंबईहून’ यातलं एकही यायचं नाही. वाचक माझ्यावर ओरडायचे. तुमचे बाईट वाचतात ते ठीक, पण सापडतं का?

चौपाटीवरचा
मावशी, तुम्ही मोठ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. प्रत्येक रूप वेगळा शब्द धरला की एका दाट यादीच्या दहा विरळ याद्या होतात. विरळ यादीत फरक मोठे, म्हणून बाईटही जास्त. प्रत्यय छाटले तर सापडतंही आणि दाबलंही जातं.

भांडुप_भुंगा
छाटा छाटा! ‘मुंबईत’चा ‘त’ छाटणारं यंत्र ‘भारत’चा ‘भार’ करतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. इंग्रजीच्या कात्रीने मराठी कापायची हौस कधी जाणार?

ठाणे_स्लो
विषय काय, चाललंय काय.

भांडुप_भुंगा
विषय हाच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य बघा. कुणी ऱ हे अक्षर वापरून टाइप करतो, कुणी र्‍ खाली अदृश्य जोडणीचं चिन्ह घालून. डोळ्यांना एकच, इंडेक्सला दोन शब्द, दोन याद्या. साधं युनिकोड नॉर्मलायझेशन चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, नियम हाताने लिहावा लागतो. तो कोणी लिहीत नाही, पण बिट वाचवायला सगळे पुढे.

दादरची_मावशी
अगदी! ‘कऱ्हाड’साठी मी हेच भोगलंय. एका बाईंना आजोबांची बातमी दोन आठवडे सापडली नाही, होती ती दुसऱ्या ‘कऱ्हाड’मध्ये.

कळवा_कारशेड
वादात पडत नाही, स्वतःचा घोळ सांगतो. आधीच्या नोकरीत लिहिणारा भाग मी केला, वाचणारा दुसऱ्याने. माझा हा:

```python
def encode(n):
    out = []
    while n > 127:
        out.append((n & 127) | 128)
        n >>= 7
    out.append(n)
    return bytes(out)
```

इथे वरचा बिट 1 म्हणजे ‘अजून आहे’. त्याने शिकलेल्या पद्धतीत 1 म्हणजे ‘संपलं’, आणि मोठा भाग आधी. 152 मी हेक्समध्ये `98 01` असा लिहायचो, तो `01 98` ची वाट बघायचा. माझा 5 म्हणजे `05`, त्याला वाटायचं संपलंच नाही, पुढचे बाईट गिळत जायचा. गंमत म्हणजे काही फुटत नाही, एररही येत नाही. फक्त पान क्रमांक एकूण पानांच्या पलीकडे जातात. आम्हाला कळलं ते अस्तित्वात नसलेलं पान उघडायला गेल्यावर. तेव्हापासून यादीतला शेवटचा क्रमांक वेगळा ठेवतो आणि बेरीज तिथेच येते का बघतो.

ठाणे_स्लो
बघा, साधे चार बाईट असते तर हा ताप झाला असता?

कळवा_कारशेड
झाला असता. चार बाईटमध्येही कुठला आधी यावर लोक भांडतात, ते मी पुढच्या नोकरीत केलं.

ठाणे_स्लो
बरं, मग हे सांगा. ‘आणि’ जवळजवळ प्रत्येक पानावर. फरक सगळे 1. एका 1साठी तुम्ही आठ बिट मोजताय. सहा लाख पानांना नुसता एकेक बिट ठेवला तर 75 हजार बाईटमध्ये काम होतं, तुमचे जवळपास सहा लाख. कोण उधळपट्टी करतंय?

चौपाटीवरचा
...हे बरोबर आहे. दाट शब्दांना बिटमॅपच. व्हेरिएबल बाईट एका बाईटच्या खाली जाऊच शकत नाही. मिळाला एक गुण, फ्रेम करून लावा. पण ‘गिरणी’ला बिटमॅप केलंत तर पुन्हा तेच 75 हजार, पानं पाच असोत की पाच हजार.

आणि पुस्तकी नको म्हणालात तरी एक आकडा ऐकाच: रॉयटर्सच्या आठ लाख बातम्यांच्या संग्रहात बत्तीस बिटांनी 400 एमबीच्या याद्या व्हेरिएबल बाईटने 116वर आल्या. गॅमा कोडने 101, पण ते बिट-बिट सोलत बसावं लागतं.

ठाणे_स्लो
ठीक. तारखेच्या क्रमाने नंबर देऊन बघतो. तुमच्या सांगण्यावरून नाही, तसंही करायचंच होतं. अडचण एवढीच की नवीन जुनी पानं अजून येतायत, 1957ची पेटी काल उघडली. मध्ये नंबर घुसवायचे तर सगळ्या याद्या पुन्हा लिहायच्या?

चौपाटीवरचा
पेटीचा वेगळा छोटा इंडेक्स ठेवा, महिन्याने मुख्यमध्ये मिसळताना नंबर नव्याने द्या. पण जुना नंबर बाहेर कुठे लिंकमध्ये दिला असेल तर मेलात.

ठाणे_स्लो
दिलाय.

भांडुप_भुंगा
आणि ‘ऱ्य’चं काय ठरलं?