मदत हवी आहे: शेठना पत्र लिहितोय, एका वाक्यावर अडलोय

नमस्कार मंडळी. जळगावातल्या एका सराफी पेढीचं फेसबुक-इन्स्टा मी सांभाळतो. आतापर्यंत पोस्ट रोज हाताने टाकायचो. १ तारखेपासून आठवडाभराच्या पोस्ट रविवारी रात्रीच वेळ लावून ठेवणार. शेठना धास्ती, की मशीन आपल्या नावाने काहीबाही बोलेल. धास्ती खोटी नाही. पाडव्याला हाताने टाकतानाही आदल्या दिवशीचा भाव तसाच गेला होता आणि गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून काउंटरवर उभं!

म्हणून पत्रात लिहिलंय: "दागिन्यांचे फोटो, सणाच्या शुभेच्छा, दुकानाची वेळ हे आपोआप जाईल. सोन्याचा भाव कधीच आधी लावून ठेवणार नाही. सकाळी तुम्ही फोनवर सांगाल, तेव्हाच टाकेन. मजुरी, सूट आणि तक्रारींची उत्तरं मी स्वतः लिहीन. गावात काही वाईट घडलं तर एक फोन करा, लावलेल्या सगळ्या पोस्ट थांबवतो."

अडलंय ते इथे. आठवड्याच्या पोस्टची यादी रविवारी शेठना होकारासाठी पाठवली आणि सोमवारी दुपारपर्यंत त्यांनी पाहिलीच नाही, तर पोस्ट जाऊ द्यायची की रोखायची? मी रोखायची म्हणतोय, पण लग्नसराईत पान चार दिवस सुनं पडेल. आणि 'मंजुरी' शब्द त्यांना कोर्टकचेरीचा वाटतो. तुम्ही काय लिहिता?