भोक न पाडता एसी: पाइपांपेक्षा पट्टी महत्त्वाची

>"पाइप खिडकीतून बाहेर काढले तर भिंतीला भोक न पाडता स्प्लिट बसेल ना?"

नाही बसणार. पाइपांची सोय होईलही, पण आतलं युनिट ज्या लोखंडी पट्टीवर टांगतात ती भिंतीत स्क्रूनेच बसते. बाहेरच्या युनिटलाही गॅलरी नसेल तर ब्रॅकेट ठोकावे लागतात. त्यामुळे तुमच्यासाठी विंडोच बरा. त्याचं वजन मात्र खिडकीच्या चौकटीवर टाकू नका. दीड टनाचा एसी साधारण ५० किलोचा असतो, त्याला जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड करून घ्या. सरकत्या खिडकीची एक काच बाजूला सारून उरलेल्या जागेत प्लाय कापून बसवायचा आणि कडेच्या फटी फोमने बंद करायच्या.

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: एसीच्या दोन्ही बाजूंना जाळ्या असतात, त्या पूर्ण खिडकीबाहेर राहिल्या पाहिजेत. बाहेरची हवा तिथूनच आत ओढली जाते आणि गरम होऊन मागून निघते. माझ्या भावाच्या खोलीत स्टँड आतल्या बाजूला जास्त आला आणि प्लायने जाळ्या अर्ध्या झाकल्या. दुपारी खोली तापलेलीच असताना कॉम्प्रेसर बंद पडायचा, नुसता पंखा फिरत राहायचा. गॅस कमी झाल्याचं निदान झालं होतं, पण एसी बाहेर सरकवल्यावर त्रास थांबला. मागची बाजू किंचित खाली ठेवा, नाहीतर पाणी खोलीत येईल. खिडकीला पक्कं ग्रिल असेल तर ते काढायची परवानगी आधी घ्या.