मदत हवी आहे: मुखपृष्ठावर ‘स्त्रोत’, कण्यावर ‘स्रोत’, दोन्हीकडचं उपशीर्षक एकसारखं कसं करू?

रानजाई
पुस्तकाचं मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सपाट टिफ फाइल हाती आहे. 3520 × 2622 पिक्सेल, 300 डीपीआय, सीएमवायके. लेयर नाहीत आणि मूळ फाइल मिळण्याची शक्यता नाही. मुखपृष्ठावर उपशीर्षक ‘शिवारातले पाण्याचे स्त्रोत’ असं आहे, कण्यावर ‘शिवारातील पाण्याचे स्रोत’. अक्षरं काळी, मागे फिकट मातकट खरबरीत कागदाचा पोत. कणा 12 मिमी, पानं 224, आकार 140 × 216 मिमी, चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड. छपाई अजून व्हायची आहे. फक्त चुकलेला शब्द बदलावा की सगळी ओळ नव्याने बसवावी?

पानगळ
‘स्त्रोत’ चूक कसं? सगळीकडे तसंच लिहिलेलं दिसतं. कण्यावरचंच बदला, काम कमी होईल.

जुळारी
पानगळ, शब्द ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूवरून आलाय. स ला थेट र जोडलेला आहे, मध्ये त नाही. ‘स्त्री’च्या सवयीने तिथे त घुसतो. तेव्हा ‘स्रोत’च बरोबर.

रानजाई, दुसरा फरक तुमच्या मजकुरात आहे, पण तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही: एकीकडे ‘शिवारातले’, दुसरीकडे ‘शिवारातील’. व्याकरणाने दोन्ही चालतात, म्हणून इथे शुद्धलेखन निकाल देणार नाही. आतलं शीर्षकपान काढून बघा. पुस्तकाची नोंद त्या पानावरून होते, तेव्हा तिथे जे आहे तेच मुखपृष्ठावर आणि कण्यावरही हवं.

रानजाई
शीर्षकपानावर ‘शिवारातील पाण्याचे स्रोत’ आहे. म्हणजे कणा बरोबर आणि मुखपृष्ठावर दोन बदल.

बोरू
मग सोपं आहे. कण्यावरची ओळ कापा, 90 अंशांत फिरवा, मोठी करा आणि मुखपृष्ठावर चिकटवा. फॉन्ट तोच, शब्द तेच, काळाही तोच.

जुळारी
फॉन्ट आणि काळा जुळेल हे खरं, पण अक्षरं फुटतील. कण्यावरची अक्षरं मुखपृष्ठावरच्यांच्या निम्मी असतील, तर दुप्पट करताच त्यांचं रिझोल्यूशन 150 राहतं. शेजारी शीर्षक 300 चं धारदार, खाली उपशीर्षक मऊ कडांचं, हा फरक कागदावर चटकन दिसतो. शिवाय अक्षरांभोवती जुना पोत येईल, तोही दुप्पट दाण्याचा.

उलट बाजूने एकच शब्द बदलायचा म्हटलं तरी अडचण आहे. ‘स्त्रो’ची रुंदी ‘स्रो’पेक्षा जास्त, ‘ती’ची ‘त’पेक्षा जास्त, त्यामुळे शिरोरेषा जोडायला जागोजागी ठिगळं लागतील आणि मध्यावर असलेली ओळ सरकेल. म्हणून दोन्हीकडची पूर्ण ओळ पुसा. चित्रातून फक्त पार्श्वभूमी वापरा, अक्षरं वेगळी, व्हेक्टर म्हणून त्यावर ठेवा.

पुसायला क्रिटा घ्या, कारण ते सीएमवायके फाइल तशीच उघडतं. गिंप 2.10 मध्ये उघडली की ती आरजीबी होते आणि काळ्यासकट सगळे रंग बदलतात. आधी 800 टक्के मोठं करून अक्षरांच्या कडा बघा. भोवती चौकोनी ठिपक्यांची धूळ दिसली, तर चित्र कधीतरी जेपीजी होतं असं समजा. जेपीजी 8 × 8 पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबलं जातं, म्हणून ती धूळ अक्षराबाहेर तेवढी पसरते. अक्षरं निवडून निवड `Grow Selection` ने 12 पिक्सेल वाढवा आणि मग क्लोन ब्रशने भरा. 2 पिक्सेलवर थांबलात, तर छापल्यावर जुन्या ‘त्र’ची पुसट सावली उरते.

क्लोनचा नमुना एकाच जागेवरून घेऊ नका, चारपाच ठिकाणांहून घ्या. खरबरीत पोतात एखादा डाग दोनदा आला की डोळा तिथेच जातो.

कातळ
माझ्या ई-पुस्तकाचंही असंच आहे. कव्हर बदललं, पण दुकानाच्या पानावर जुनंच उपशीर्षक दिसतं. चित्रात काही राहिलं असेल का?

जुळारी
नाही. ते उपशीर्षक नोंदीच्या रकान्यातून येतं, चित्रातून नाही. तो रकाना वेगळा दुरुस्त करावा लागेल.

रानजाई
दोन्ही ओळी पुसल्या. स्क्राइबसमध्ये चित्र ठेवून वर मजकूर टाकला. दोन अडचणी आहेत. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतायत, शीर्षकात मराठी वळणाचे आहेत. आणि नवी ओळ शीर्षकापुढे करडी दिसते.

जुळारी
पहिलीचं कारण भाषा. त्या मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ‘ल’ आणि ‘श’ लगेच बदलतील. बदलले नाहीत तर फॉन्टमध्येच ती नाहीत, फॉन्ट बदला. स्क्राइबस 1.6 असेल तर जोडाक्षरं नीट येतात, 1.4 मध्ये मात्र मोडतात.

दुसरीचं कारण शाई. चित्रातलं शीर्षक चार रंगांच्या काळ्यात आहे, तुमची ओळ फक्त काळ्या शाईत. तिच्यातही चार शाया घालण्याचा मोह टाळा. कण्यावरच्या बारीक अक्षरांत एक प्लेट केसभर सरकली तरी कडेला रंगीत रेघ दिसते. 100 टक्के काळाच ठेवा आणि ओव्हरप्रिंट चालू करा. मग मागचा मातकट रंग अक्षराखाली कापला जात नाही, काळा थोडा भरीव होतो आणि पांढरी कडही सुटत नाही. स्क्रीनवर हा फरक बहुतेक दिसणार नाही, प्रूफवर बघा.

बोरू
मग कण्यावर उपशीर्षक हवंच कशाला? काढून टाकलं की दोन्ही जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

जुळारी
6-7 मिमीचा कणा असता तर मीही तेच म्हणालो असतो. 12 मिमीमध्ये दोन्ही घड्यांपासून 2-2 मिमी सोडले तरी 8 मिमी उरतात, आणि 14 पॉइंट म्हणजे जेमतेम 5 मिमी. आरामात बसतं. अर्थात ठेवायचं की नाही हे प्रकाशकाने ठरवावं.

ठेवणार असाल तर बसवताना एक गोष्ट बघा. या ओळीत शिरोरेषेच्या वर बऱ्याच मात्रा आहेत, खाली उकार एकही नाही. पूर्ण चौकट कण्याच्या मध्यावर ठेवली, तर अक्षरांचं अंग मलपृष्ठाकडे झुकलेलं दिसेल. शिरोरेषा ते अक्षरांचा तळ एवढाच पट्टा मध्यावर घ्या. तुमच्या फाइलमध्ये कण्याचा मध्य डाव्या कडेपासून 149 मिमीवर येतो. मात्र शीर्षक चित्रात आहे तसंच राहणार असेल, तर आकड्यापेक्षा त्याच्या अक्षरांचा मध्य धरा. ते अर्धा मिमी सरकलेलं असेल, तर नवी ओळही तेवढीच सरकवा.

आणि ओळ एकदाच टाइप करून दोन्हीकडे चिकटवा. पीडीएफ झाल्यावर हे चालवा:

```
pdffonts cover.pdf
```

प्रत्येक फॉन्टसमोर `emb` खाली `yes` हवं. अक्षरं आउटलाइन केली असतील तर यादी रिकामी येईल, तेही चालेल.

रानजाई
`yes` आलं. भाषा मराठी केल्यावर ‘ल’, ‘श’ जुळले. फॉन्ट मात्र तंतोतंत तोच नाही; ‘स्रो’चा काना शीर्षकातल्यापेक्षा किंचित बारीक आहे.

पानगळ
अक्षरांना बारीक बाह्यरेषा देऊन जाड करता येतील की.

जुळारी
मुखपृष्ठावर 0.2 पॉइंटपर्यंत खपेल. कण्यावर नको, तिथे ‘स्र’मधली तिरपी रेघ भरून गेली तर ‘स’च वाचला जाईल. त्यापेक्षा त्याच फॉन्टचं एक पायरी जाड वजन मिळतंय का बघा.

रानजाई
सेमीबोल्ड मिळालं, पण आता शीर्षकापेक्षा थोडं जाड वाटतंय. दोन्हींचे प्रूफ मागवते.