मदत हवी आहे: हरकती न मागवता काढलेल्या अधिसूचनेला आव्हान देता येते का?

बांधावरचा: आमच्या गावाजवळ रस्त्याच्या भरावासाठी माती काढली जात आहे. पर्यावरण मंजुरीबद्दल विचारले असता, केंद्राच्या 28 मार्च 2020 च्या अधिसूचनेने अशा कामांना सूट दिली आहे, असे ठेकेदाराने सांगितले. त्या अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध झाला नव्हता. एवढ्या कारणावरून ती रद्द होऊ शकते का?

जुना_टिपणीकार: अवघड आहे. नियम करताना प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन सरकारवर नसते, आणि राजपत्रात छापून आले की प्रक्रिया रीतसर झाली असेच धरले जाते. जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 23 पाहावे.

खडीवाला: आमच्याकडे खाणीची जनसुनावणी झाली, तेव्हा निम्म्या लोकांना तारीखच कळली नव्हती. तुम्ही इतिवृत्ताची प्रत मागा.

वकील_मराठवाडा: खडीवाले, जनसुनावणी एका प्रकल्पापुरती असते; येथे प्रश्न सर्वांना लागू होणाऱ्या अधिसूचनेचा आहे. टिपणीकारांचे पहिले विधान सर्वसाधारणपणे बरोबर आहे. मात्र कलम 23 तेव्हाच लागते, जेव्हा मूळ कायदाच पूर्वप्रसिद्धीची अट घालतो. येथे बंधन येते ते पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील नियम 5 मधून: आधी राजपत्रात सूचना, मग हरकतींसाठी साठ दिवस. नियम 5(4) प्रमाणे सार्वजनिक हितासाठी ही सूचना वगळता येते, आणि 2020 मध्ये सरकारने तोच मार्ग धरला.

हेच प्रकरण नोबल पैकाडा यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. कोणत्या सार्वजनिक हितासाठी लोकांना विचारणे टाळले, याचे कारण अधिसूचनेत नव्हते. शिवाय टाळेबंदीमुळे रस्त्यांची कामेच जवळपास थांबलेली असताना एवढी घाई कशाची, असा न्यायालयाचा रोख होता. किती माती आणि किती क्षेत्रातून, यालाही मर्यादा नव्हती. न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांनी 21 मार्च 2024 रोजी मातीच्या सवलतीची ती नोंद, म्हणजे बाब 6, रद्द केली. उरलेली अधिसूचना नव्हे.

जुना_टिपणीकार: म्हणजे सरकारने दोन ओळींचे कारण लिहिले असते, तर सूट टिकली असती?

वकील_मराठवाडा: निव्वळ ठोकळेबाज वाक्य पुरले नसते, असे मला वाटते, पण खरी निकड दाखवली असती, तर किमान हा मुद्दा कमकुवत झाला असता. मर्यादेचा मुद्दा तरीही उरलाच असता.

बांधावरचा: मग ठेकेदाराला काय विचारू?

वकील_मराठवाडा: तो आज नेमक्या कोणत्या अधिसूचनेवर विसंबतो, तिचा क्रमांक आणि तारीख लेखी मागा. निकालानंतरची एखादी दाखवली, तर तिच्या प्रस्तावनेत आधीच्या मसुद्याचा उल्लेख आहे की नियम 5(4) चा, ते पाहा. मसुद्याचा असेल, तर हरकतींच्या मुदतीचा आणि आलेल्या हरकती विचारात घेतल्याचा उल्लेखही तेथेच सापडायला हवा.

जुना_टिपणीकार: "विचारात घेतल्या" एवढे लिहिलेले असले, तर प्रत्यक्षात घेतल्या की नाही हे कसे कळणार? तेथे माझी शंका कायम आहे.

वकील_मराठवाडा: माहिती अधिकारात हरकतींवरील टिपणी मागता येते.